पांडुरंग म्हणजे सेरोटोनिन?

*वय ५२, बीड जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. माझे वडील, आबा, आता ७९ वर्षांचे आहेत. १९८६ च्या नाथषष्ठीला ते दिंडीसोबत पैठणला गेले होते. रात्री गोदावरीच्या वाळवंटात त्यांना काहीतरी झालं. ‘वाळू, पाणी आणि मी वेगळं राहिलोच नाही, सगळीकडं पांडुरंग,’ एवढंच ते सांगतात. परत आले ते माळ घालूनच, आणि पुन्हा दारूला शिवले नाहीत. आमचं घर त्या रात्रीवर उभं राहिलं, असं म्हटलं तरी चालेल. माझा मुलगा नेदरलँड्समध्ये शिकतो. तिथल्या एका शिबिरात त्यानं ट्रफल नावाची बुरशी खाल्ली. दिवाळीला घरी आला तेव्हा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, “आबांना पैठणला दिसलं तेच मला सहा तासांत दिसलं. पांडुरंग म्हणजे सेरोटोनिन. याच्यावर संशोधन झालंय.” आबा ताटावरून उठले. तेव्हापासून हरिपाठ म्हणतात, पण मनातल्या मनात. पुढच्या वेळी आबांसाठीही ट्रफल घेऊन येतो, शेवटच्या दिवसांत त्यांना शांत वाटेल, असं मुलगा म्हणतो. कोणाचं खरं मानू? आणि मी काय करू?*

सुरुवात तुमच्या मुलाच्या बाजूने करते, कारण ज्या संशोधनाच्या जोरावर तो बोलला ते खरोखर झालेलं आहे.

२० एप्रिल १९६२, गुड फ्रायडेचा दिवस. बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये वरच्या मजल्यावर उपासना चालू होती आणि तिचा आवाज स्पीकरवरून तळघरातल्या लहान प्रार्थनागृहात सोडलेला होता. तिथे धर्मशास्त्र शिकणारे २० विद्यार्थी बसले होते. वॉल्टर पान्के नावाचा डॉक्टर, जो स्वतः पाद्रीही होता, हार्वर्डच्या पीएचडीसाठी हा प्रयोग करत होता. त्यानं दहा जणांना ३० मिलिग्रॅम सायलोसायबिन दिलं. ट्रफलमध्ये असतं ते हेच द्रव्य. उरलेल्या दहांना निकोटिनिक ॲसिड दिलं, म्हणजे एक जीवनसत्त्वच, पण त्यानं तोंड गरम होतं आणि अंगावर लाली येते, त्यामुळे आपल्यालाही काहीतरी दिलंय असं वाटावं. कोणाला काय दिलंय हे कोणालाच माहीत नव्हतं. ते गुपित तासाभरातच फुटलं, कारण एक गट शांत बाकावर बसून होता आणि दुसऱ्यातलं कोणी जमिनीवर आडवं झालं होतं, कोणी स्वतःशीच पुटपुटत फिरत होतं. सायलोसायबिन घेतलेल्या बहुतेकांनी जे सांगितलं ते तुमच्या आबांच्या वाक्याच्या फार जवळ जातं: मी वेगळा उरलो नाही, वेळ थांबली, जे कळलं ते शब्दांत मांडता येत नाही.

२००६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच जास्त काळजीनं केलं. ३६ माणसं, घरच्या बैठकीसारखी खोली, डोळ्यांवर पट्टी, कानांवर संगीत, दोन माणसं सोबतीला. एका दिवशी सायलोसायबिन, आणि दोन महिन्यांच्या अंतरानं दुसऱ्या दिवशी मेथिलफेनिडेट, म्हणजे चंचल मुलांना देतात ते औषध. क्रम कोणाचा कसा, हे गुपित ठेवलेलं. सायलोसायबिनच्या दिवशी ३६ पैकी २२ जणांना ‘पूर्ण’ गूढानुभव आला. दोन महिन्यांनंतरही सुमारे दोन तृतीयांश लोक तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच गोष्टींत गणत होते, पहिलं मूल होणं किंवा आईवडील जाणं यांच्या रांगेत.

म्हणजे (हा शब्द मी जपून वापरतेय, का ते पुढे येईल) बुरशीतल्या एका द्रव्यानं माणसाला असा अनुभव येऊ शकतो, एवढं पक्कं आहे. मुलाकडे याहून धारदार पुरावाही आहे. झुरिचमध्ये १९९८ साली आधी केटान्सेरिन नावाचं औषध देऊन मग सायलोसायबिन दिलं, तर त्याचे परिणाम जवळपास उमटलेच नाहीत. मेंदूच्या पेशींवर सेरोटोनिनसाठीची जी अनेक कुलपं असतात त्यांपैकी एक केटान्सेरिन बंद करून ठेवतं, आणि सायलोसायबिनची किल्ली नेमकी त्याच कुलपात फिरते. कुलूप बुजवलं की दर्शन नाही. यापेक्षा ठोस काय हवं, असं तो म्हणेल.

आता त्याचं वाक्य घेऊ. पहिली गोष्ट, ते रसायनशास्त्रातच चुकलंय. कुलूप सेरोटोनिनचं असलं तरी त्यात फिरते ती किल्ली सेरोटोनिन नसते, वेगळाच रेणू असतो. नैराश्यावरच्या ज्या नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिन वाढवतात, त्या घेणाऱ्या कोणाला वाळवंटात पांडुरंग भेटत नाही. उलट त्या गोळ्या चालू असतील तर सायलोसायबिनचा असर बऱ्याचदा फिका पडतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. प्रयोग झाला तो सायलोसायबिन घेतलेल्या माणसांवर. आबांनी त्या रात्री काहीच घेतलं नव्हतं. ते कित्येक मैल चालून आले होते, पोटात उपास असेल-नसेल, झोप नव्हती, कानांत टाळमृदंग होता. ताप मलेरियानंही येतो आणि टायफॉइडनंही. दोन्हींत अंग तापतं, पण एकाचं कारण दुसऱ्याच्या माथी मारून डॉक्टर गोळी देत नाही, आधी रक्त तपासतो. आबांचं ‘रक्त’ १९८६ मध्ये कोणी तपासलं नाही. वर्णन जुळतं यावरून वाटही तीच होती असं ठरत नाही.

आणि समजा, ती तीच होती? समजा चालण्यानं, उपासानं आणि नामस्मरणानं आबांच्या मेंदूतलं तेच कुलूप उघडलं? तरी काय सिद्ध होतं ते नीट बघा. डोळा जोरात चोळला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून मृगाच्या आधी बांधावरच्या झाडावर दिसणारे काजवे खोटे ठरत नाहीत, कारण ते दिसतानाही काम त्याच डोळ्याचं आणि त्याच मेंदूचं असतं. पण डोळा चोळून दिसलेले काजवे बांधावर आहेत, असंही कोणी म्हणू नये. मेंदूत काय घडलं ते सांगितल्यानं बाहेर काय आहे याचा निकाल लागत नाही, ना पांडुरंगाच्या बाजूनं, ना विरुद्ध. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १९०२ मध्येच याची थट्टा केली होती. संत पॉलला दर्शन झालं ते अपस्माराचा झटका होता, असं म्हणून विषय संपवणाऱ्यांना त्यानं विचारलं होतं की नास्तिकाचा नास्तिकपणाही शरीरातूनच येतो, मग तो का खोटा नाही?

तुमचा मुलगा एका ताटात दोन गोष्टी जेवू बघतोय, हेही त्याला कोणीतरी प्रेमानं दाखवायला हवं. ‘आबांना दिसलं तेच मला दिसलं’ हे म्हणताना तो अनुभवाला मोठं मानतो, आणि ‘सगळं सेरोटोनिन’ म्हणताना त्यालाच कचरा ठरवतो. रसायनानं आलं म्हणून आबांचं बाद होत असेल, तर त्याचं स्वतःचं आधी बाद होतं.

‘तेच दिसलं’ यावरही थांबू या. या संशोधनात अनुभव मोजतात तो प्रश्नावलीनं. आज रूढ आहे ती ३० वाक्यांची. प्रत्येक वाक्यापुढे शून्य ते पाच गुण द्यायचे: सगळं एक आहे असं वाटलं का, काळाचं भान गेलं का, काही पवित्र भेटलं असं वाटलं का, सांगायला शब्द अपुरे पडतात का. वाक्यांचे चार गट असतात, आणि चारही गटांत किमान ६० टक्के गुण पडले की अनुभव ‘पूर्ण’. ही वाक्यं मुख्यतः वॉल्टर स्टेस या तत्त्वज्ञाच्या १९६० च्या मांडणीतून आली. सगळ्या धर्मांच्या गूढानुभवांचा गाभा एकच असतो, असं स्टेसचं म्हणणं होतं. मी परभणीत तत्त्वज्ञान शिकवायचे तेव्हा पोरांना इथंच थांबवायचे: बघा, जो निष्कर्ष काढायचाय तो फॉर्मातच छापलाय!

कल्पना करा की आबा आणि नातू शेजारी बसून ही प्रश्नावली भरताहेत. ‘सगळं एक झालं’ याला दोघंही पाच गुण देतील. ‘शब्दांत सांगता येत नाही’ यालाही पाच. मग आबा विचारतील, “आन् पांडुरंग कुठं लिहू?” त्याला रकानाच नाही. नातू विचारेल, “तिथं कोणीच नव्हतं, हे कुठे लिहू?” त्यालाही नाही. दोघांचे गुण सारखे येतील आणि कागद म्हणेल, अनुभव एकच. पण जो फरक विचारलाच नाही, तो कागदावर येणार कुठून? स्टीव्हन कॅट्झ या अभ्यासकानं १९७८ मध्ये नेमकं हेच उलटं टोक धरलं. त्याच्या मते माणूस आधी कोरा अनुभव घेऊन मग त्याला पांडुरंग हे नाव देत नाही. आयुष्यभर ऐकलेलं कीर्तन अनुभव घडतानाच त्याच्या आत असतं. माझा कल कॅट्झकडे आहे, पण पूर्ण नाही. मला वाटतं, ‘मी’ ची कड पुसली जाणं हे बहुधा सगळीकडे सारखं असावं, आणि कड पुसल्यावर तिथं कोण भेटतं हे दिंडीत वाढलात की हॉस्टेलवर, यावर ठरत असावं. हॉपकिन्सचा एक तपशील याच बाजूनं बोलतो: मेथिलफेनिडेटच्या दिवशीही ३६ पैकी चौघांना ‘पूर्ण’ गूढानुभव आला होता! ती ३६ माणसं प्रार्थना, ध्यान, उपासना यांत आधीपासून कमीजास्त रमणारी होती. मनाची मशागत झालेली होती, मग पेरणी कशाची का असेना.

म्हणून मी आबांनाही मोकळं सोडत नाही. या अनुभवांसोबत एक विलक्षण खात्री येते. ‘मला असं दिसलं’ वरून माणूस क्षणात ‘मला कळलं’ वर जातो, आणि तिथून ‘असं आहे’ वर. पहिलं वाक्य आबांचं आहे आणि त्याला कोणी आव्हान देऊ शकत नाही. तिसरं वाक्य सगळ्यांचं आहे, आणि त्याला फक्त खात्रीचा आधार पुरत नाही, कारण खात्री सगळ्यांनाच येते, वेगवेगळ्या गोष्टींची. हॉपकिन्सनंच २०१९ मध्ये सुमारे ४,३०० लोकांच्या सर्वेक्षणाचे निकाल छापले. अशा अनुभवात देव किंवा अंतिम सत्य भेटलं असं म्हणणारेच लोक त्यात घेतले होते, त्यामुळे ते सगळ्या जगाचं चित्र नाही. पण द्रव्य घेण्याआधी जे स्वतःला नास्तिक म्हणत, त्यांच्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त लोकांनी नंतर ती ओळख सोडली. तुमचा मुलगा तशाच द्रव्यातून उलट्या दिशेनं बाहेर पडला. एकाच जातीची द्रव्यं, दोन विरुद्ध खात्र्या. दोन्ही काही एकदम खऱ्या असू शकत नाहीत. आणि खात्रीचा धोका बोस्टनमध्येही दिसला होता. त्या दहांतला एक विद्यार्थी, मसीहाच्या आगमनाची घोषणा करायला आपली निवड झालीय या खात्रीनं, चॅपलमधून रस्त्यावर निघून गेला. त्याला धरून आणून शांत करायचं इंजेक्शन द्यावं लागलं. पान्केनं ते इंजेक्शन आपल्या अहवालात लिहिलंच नाही. रिक डॉब्लिन या संशोधकानं त्या विद्यार्थ्यांना शोधून काढून पुन्हा मुलाखती घेतल्या आणि जवळपास तीस वर्षांनी, १९९१ मध्ये, त्या छापल्या तेव्हा ते बाहेर आलं. सायलोसायबिन घेतलेल्यांपैकी जे सात त्याला भेटले, ते तेव्हाही त्या दिवसाला खरा गूढानुभवच म्हणत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकत्र सांगायला हव्यात.

गंमत अशी की ‘दिसलं’ आणि ‘पिकलं’ यांतला फरक आपल्याच मातीत केव्हाचा करून ठेवलाय, तोही मराठवाड्यात. तेरला गोरोबाकाकांच्या अंगणात संत जमले होते. मुक्ताईनं विचारलं, हे थापटणं कशाचं? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते पाहायचं. मग ही मडकीही बघा की, म्हणाली ती. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले, आणि कच्चे ठरले. आता आठवा, ठरले कोण? ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठल खातो, ज्यांच्याशी तो रोज बोलतो, ते! दर्शनाच्या बाबतीत त्यांची बरोबरी तिथं कोणाची नव्हती. तरी कोणी म्हणालं नाही की याला दर्शन होतं, म्हणजे हा पक्का. थापटण्यानं पाहिलं ते वेगळंच होतं: ‘मी’ अजून ताठ आहे का. नामदेव रुसून पंढरीला गेले तर विठ्ठलानंही संतांचीच बाजू घेतली, आणि मग त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागलं.

पतंजलींच्या योगसूत्रांतही चौथ्या पादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धी मिळण्याच्या पाच वाटा दिल्यात: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधी दुसऱ्या क्रमांकावर! म्हणजे वनस्पतीनं काही घडतं हे आपल्या परंपरेला धक्कादायक नव्हतं. पण आदल्याच पादात हेही सांगितलंय की सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत. (मुलगा सोमरसाचा दाखला देईल. देऊ द्या. सोम नेमकी कोणती वनस्पती यावर विद्वानांचं आजही एकमत नाही, तेव्हा त्या खुंटीला फार वजन टांगू नका.)

मग थापटणं मारून पाहिलं तर आबांची रात्र कशी वाजते? दारू सुटली, घर उभं राहिलं. पक्कं वाजतं. पण तुमच्या पत्रात एक गृहीत लपलंय: घर त्या रात्रीवर उभं आहे, म्हणून ती रात्र खोटी ठरली तर घर पडेल. तसं नाही. हॉपकिन्समध्येच १५ जुन्या धूम्रपान करणाऱ्यांना समुपदेशनासोबत सायलोसायबिन दिलं. सहा महिन्यांनी १५ पैकी १२ जणांची सिगारेट सुटलेली होती, आणि ज्यांचा गूढानुभव जास्त गहिरा होता त्यांना ती सोडणं जास्त जमलं होतं. प्रयोग लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, तरी एक शक्यता त्यातून दिसते. असा अनुभव व्यसनाची पकड सोडवू शकत असावा, आणि ती सुटायला अनुभवाचा अर्थ विठ्ठल, ख्रिस्त की नुसती जाणीव, यातलं काहीही चालत असावं. म्हणून दारू सुटली यावरून पांडुरंग सिद्ध होत नाही. पण आबांनी ३०-४० वर्षं दारूपासून जे लांब राहून दाखवलं, ते कोणत्याही प्रयोगानं पुसलंही जात नाही. ते त्यांनी रोज सकाळी नव्यानं केलंय. सहा तासांच्या शिबिराशी तुलना करायची तर याची करा.

आता करायचं काय ते. ट्रफल आणायचे नाहीत, यात चर्चा नको. नेदरलँड्समध्ये २००८ च्या अखेरीस मशरूमवर बंदी आली, पण ट्रफल तिथं दुकानात मिळतात. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याखाली सायलोसायबिन बाळगणंही गुन्हा आहे, विमानतळावरून आणणं तर सोडाच. त्यापुढचं कारण आबा स्वतः आहेत. या द्रव्यानं रक्तदाब आणि नाडी वाढते, आणि ७९ व्या वर्षी हृदयाचा भरवसा कोण देणार? हॉपकिन्समध्ये तपासून निवडलेल्या, शेजारी माणसं बसलेल्या त्या ३६ जणांतही ११ जणांना मध्ये कधीतरी तीव्र भीतीनं घेरलं होतं. आबांना न सांगता काही देणं हा तर विश्वासघात होईल. मागितलंय का त्यांनी?

मुलावरही जरा लक्ष ठेवा. भारावलेपण चालेल, तो वयाचा भाग आहे. पण रात्र रात्र झोप लागत नसेल, आपली ‘निवड’ झालीय अशी भाषा येत असेल, संशय वाढला असेल, किंवा तुमच्या कुटुंबात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा मोठा उन्माद झालेला असेल, तर त्यानं हे पुन्हा घेऊ नये आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. अशा घरातल्या लोकांना हे प्रयोग करणारे आधीच वगळतात. तिकडे डॉक्टर आहेतच. इकडे सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक वाक्य: महाशिवरात्रीच्या आसपास कोणी म्हणालं की धोत्र्यानंही ‘दर्शन’ होतं, तर ऐकू नका. त्याचं विष मेंदूतल्या निराळ्याच कुलपाला धरतं. माणूस नसलेल्या लोकांशी बोलत बसतो, आणि आपल्याला भास होतोय हेही त्याला कळत नाही. त्यात जीवही जातो.

आबांशी मात्र तुम्ही बोला, आणि वाद मिटवायला म्हणून बोलू नका. ते दुखावले ते त्यांचं दर्शन कोणी नाकारलं म्हणून नसावं. सगळ्यांसमोर ते एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवलं गेलं, म्हणून असावं. ती रात्र त्यांनी तुम्हाला दीड वाक्यात सांगितलीय. सविस्तर कोणी विचारली का? मुलगा येईल तेव्हा दोघांना अंगणात बसवा. आधी आबांनी सांगायचं, नातवानं लिहून घ्यायचं: वाळू गार होती का, दिंडी कुठं उतरली होती, आधी काय दिसलं, भीती वाटली का, पांडुरंग दिसला की तो आहे असं वाटलं, घरी पोचल्यावर पहिली दारू नाकारताना हात थरथरला का. मग नातवानं आपले सहा तास सांगायचे आणि आबांनी ऐकायचे. मध्ये ‘तेच’ म्हणायचं नाही, फरक शोधायचे. आणि तो कागद लिहून होईपर्यंत ‘म्हणजे’ हा शब्द कोणीही वापरायचा नाही, नातवानंही नाही, आबांनीही नाही, आणि चहा घेऊन मध्ये येणाऱ्या तुम्हीसुद्धा नाही.